ताटामागे किती?

दुपारची जेवणं आटोपल्यावर बहिणीने दोन केटररांच्या दरांचे कागद माझ्यासमोर टाकले आणि विचारलं, "हा स्वस्त आहे ना?" तिचं बोट ठळक छापलेल्या दरावर होतं. मी आपला खालची बारीक अक्षरं वाचत बसलो.

ही खोड मामाची. घरच्या कार्यात सगळे जेवत असायचे तेव्हा मामा मागच्या दाराशी स्टूल टाकून बसायचा. उष्ट्या ताटांची पंचविसाची थप्पी झाली की पाटीवर खडूची एक रेघ. शेजारी केटररचा माणूस, त्याच्या वहीत त्याच्या रेघा. एकदा माझ्या मावसभावाने अर्धं ताट खुर्चीवर विसरून दुसरं कोरं ताट उचललं. मामाने ते लांबून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "तू आज दोन माणसं जेवलास."

म्हणून दर कितीही असो, मी आधी विचारतो की मोजणार काय? ताटं की माणसं? ताटं असतील तर ती कोण मोजणार, आपल्या बाजूचं कुणी तिथे उभं राहणार का? लहान मुलांचं ताट अर्धं की पूर्ण? फोटोग्राफर, ड्रायव्हर, सजावटवाले यांची जेवणं कुठल्या हिशेबात? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हमी किती ताटांची? हमी म्हणजे कुणी आलं नाही तरी ज्याचे पैसे द्यायचेच, तो आकडा.

बहिणीला कागदाच्या पाठीवर मांडूनच दाखवलं. सोपे आकडे धरू. पहिल्याचा दर १००, हमी ३०० ताटांची. वाढपी, भांडी आणि पाणी वेगळं, त्याचे सरसकट ४,०००. दुसऱ्याचा दर १२०, हमी २४० ची, सगळं त्यातच. पाहुणे आले २५०. पहिल्याला ३०० ताटांचे ३०,००० आणि वरचे ४,००० मिळून ३४,००० द्यायचे, म्हणजे जेवलेल्या माणसामागे १३६ पडले. दुसऱ्याला सरळ ३०,०००. पण पाहुणे ३३० आले तर पहिल्याचे ३७,००० होतात आणि दुसऱ्याचे ३९,६००. तेव्हा स्वस्त कोण, हे केटररला नाही, आपल्या पाहुण्यांच्या यादीला विचारायचं. दरात कर धरलाय का, हमीचा अंतिम आकडा किती दिवस आधी द्यायचा आणि हमीच्या वरचं ताट त्याच दराने की चढ्या, हेही लिहून घ्यायचं. तोंडी "ते बघू हो" म्हणणारा माणूस हिशेबाच्या रात्री वेगळाच निघतो.

मग टेस्टिंग. तिथे आपण भुकेले जातो, समोर छान मांडलेलं येतं, वाफ निघत असते आणि सगळंच आवडतं. पण ते दहा जणांचं, छोट्या कढईतलं, नुकतंच उतरवलेलं. कार्याच्या दिवशी तेच शेकड्यांच्या मापात शिजणार, झाकणाखाली थांबणार आणि शेवटचा पाहुणा ते तासाभराने घेणार. म्हणून मी थोडं खाऊन जातो आणि थोडं थोडं झाकून बाजूला ठेवायला सांगतो. चाळीस मिनिटं गप्पा मारायच्या, मग खायचं. तळलेलं तोवर मऊ पडतं, भात झाकणाखालच्या पाण्याने चिकट होतो, रश्शावर तेल वेगळं तरंगतं. जो तेव्हाही खाववतो, तो पदार्थ यादीत ठेवायचा. तळणाला हे जमणार नसेल तर ते समोरच तळून वाढायला लावायचं आणि त्या कढईचे पैसे दरात आहेत का, ते पुन्हा विचारायचं.

टेस्टिंगचा स्वयंपाक केला तोच आचारी त्या दिवशी येणार का, हे विचारल्यावर उत्तराआधी जी क्षणभराची शांतता येते, ती मी नीट ऐकतो. जमलं तर त्याच्या दुसऱ्या एखाद्या कार्यात, यजमानाची परवानगी घेऊन, जेवण संपत आलेलं असताना डोकावून यावं. तिथली शेवटची भांडी टेस्टिंगपेक्षा जास्त सांगतात.

एका बाबतीत मात्र घासाघीस नाही. गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वरच राहायला हवं, आणि तसं न ठेवता दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं वाढायचं नाही. भांड्याखाली पाणी आणि जाळ आहे का, हात लावला तर भांडं खरंच गरम लागतं का, एवढं पाहावं. चव बिघडली तर लोक चार दिवस बोलतात. पोटं बिघडली तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं आडवी होतात.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं, कागद गोळा केले आणि म्हणाली, "बरं, पण चव कुणाची चांगली?"

आता ते मला काय विचारतेस? मला मीठ कमी-जास्त एवढंच कळतं. चवीसाठी भाओजींना न्यावं. पण त्यांना सगळंच आवडतं.