कणकेचा गोळा

आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे अण्णा गेल्या सहा एकादश्या आलेले नाहीत. कारण एक पावती. पखवाजाची पुडी फाटली, त्यांनी पदरमोड करून नवी बसवून आणली, आणि कमिटीच्या बैठकीत खजिनदारांनी सगळ्यांदेखत विचारलं, "पावती कुठंय?" पुडी बसवणारा कारागीर कसली पावती देतोय! अण्णा उठले ते गेलेच. मीही कमिटीत आहे. त्या वेळी मी चहाच्या कपात बघत होतो.

हल्ली एक कॉलेजातला मुलगा वाजवतो. हात गोड आहे, पण पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक त्याला साधत नाही. सैल मळली तर ओघळते, घट्ट झाली तर रूपाचा अभंग संपायच्या आत मांडीवर टपकते. अण्णा घरूनच डबीत गोळा आणायचे. थोडा थापायचे, एक थाप मारून कान द्यायचे, आवाज आणखी खाली हवा असला की चिमूटभर वाढवायचे.

परवा त्यांना व्हॉट्सअॅपवर लिहायला बसलो. आधी लिहिलं, "झालं गेलं विसरून जा." खोडलं. अपमान त्यांचा झाला आणि विसरायचं कामही त्यांच्याकडेच? मग "तुमच्याशिवाय भजनाला रंग नाही." हेही खोडलं, त्या पोराने वाचलं तर त्याला काय वाटेल? "कधीही या" तर आपण ज्याला बोलवायचं नसतं त्यालाच म्हणतो. मंडळाच्या ग्रुपवर टाकावं, असं कुणी सुचवलं. म्हणजे पुन्हा सगळ्यांदेखतच की!

शेवटी एवढंच उरलं:

"अण्णा, नमस्कार. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, बोललो नाही. चुकलं. पुडीचे पैसे पावतीशिवाय मंजूर झालेत, पाकीट माझ्याकडे आहे. तुम्ही या किंवा न या, घरी आणून देईन. येत्या एकादशीला साडेसातला बसतोय. खजिनदार असतील, हे आधीच सांगून ठेवतो. पखवाज नाही घेतलात तरी चालेल, टाळ घेऊन मागे बसा."

खजिनदारांचं वाक्य घालू की नको, यात माझा अर्धा तास गेला. पण भांडून गेलेल्या माणसाला दारात पाऊल टाकण्याआधी तेवढंच तर जाणून घ्यायचं असतं. खजिनदार माफी मागतील, असं मात्र लिहिलं नाही. ते माझ्या हातात नव्हतं, आणि त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे.

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर नाही. दिवसभर मी उगाच फोन उलटापालटा करत राहिलो.

रात्री साडेदहाला एक ओळ आली. "त्या पोराला कणीक कोण मळून देतं?"

मी लिहिलं, "त्याची आई. पोळ्यांची."

"तरीच," अण्णांचं उत्तर आलं.