मामा, आभाळ आणि चौदा ओळी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात लग्नसराईत एकेका दिवशी आठ-दहा पत्रिका होतात. त्यातली एक मात्र सकाळी अकराला सुरू झाली आणि संध्याकाळी सातला संपली.

नवऱ्या मुलाने फोटो आणला होता. उभा, रंकाळ्याच्या कट्ट्यावर मावळतीला काढलेला. दोघं खाली उजवीकडे बसलेली, नजर डावीकडे पाण्यावर, वर फिकट केशरी आभाळ. मागणी पाच बाय सात इंचांच्या पत्रिकेची. फोटो बघूनच वाटलं, निम्मं काम झालंय.

बरोबर त्याचे मामा होते. "एवढं मोकळं आभाळ कशाला? भरा की काय तरी." मजकूर दुपारी पाठवतो म्हणाले. मीही भरत सुटलो. डावीकडे पाण्यात संध्यामठ, वरच्या कोपऱ्यात गणपती, मधे पक्ष्यांचा थवा, पाण्यावर पाच दिवे. दिव्याची एक गंमत असते. पाण्यात दिवा ठेवला की त्याचं प्रतिबिंबही काढावं लागतं, नाहीतर तो चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणजे बोटभर दिवा दोन बोटं जागा खातो. सावलीचंही तेच. हा हिशोब तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता.

तीनला मजकूर आला. श्रीकृपेकरूनपासून आपले विनीतपर्यंत, खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. एकूण चौदा ओळी.

आधी पाण्यावर लिहून पाहिलं. लाटांवर उन्हाचे तुकडे चमकत होते, त्यामुळे अक्षराची एक काडी उजेडावर, दुसरी अंधारात. देवनागरीत अनुस्वार आणि मात्रा तर अशा ठिकाणी हमखास हरवतात. अक्षराला बाहेरून चमक दिली, सावली दिली, गिचमिड वाढली. शेवटी मागे काळी अर्धपारदर्शक पट्टी टाकली. मामा खुर्चीतून पुढे वाकले. "ह्ये लग्नाचं हाय का श्रद्धांजलीचं?"

खरं होतं. मी एकावर एक चढवलेले सगळे लेयर बंद केले आणि मूळ फोटोवर आलो.

या वेळी आधी मजकूर बसवला, तोही खरा. नुसती जागा 'अंदाजे' सोडली की ती नेहमी कमीच पडते. नावांच्या दोन ओळी मोठ्या, त्यांना मिळून ८० पॉइंट. किलबिलाटाची ओळ मामांना पटवून काढली, ती पाकिटावर छापायची ठरली. उरलेल्या अकरा ओळींना प्रत्येकी १६ पॉइंट, कारण अक्षरं १० पॉइंटची असली तरी वेलांटी-उकारांना वर-खाली श्वास लागतो. बेरीज २५६ पॉइंट, म्हणजे इंचाला ७२ पॉइंट धरून साडेतीन इंचांहून थोडं जास्त. वरचा पाव इंच समास धरून पावणेचार-चार. आणि फोटोतलं आभाळ? पावणेतीन इंच!

दोघांच्या पायाखाली दीड इंच रस्ता होता, त्याचा काही उपयोग नव्हता. फोटो तेवढा खाली सरकवला आणि वरचं आभाळ वाढवलं. फोटोच्या वरच्या कडेचाच रंग घेऊन हलका उतार दिला, पण असं गुळगुळीत आभाळ छापताना पट्टे-पट्टे दिसतं, म्हणून त्यावर मूळ फोटोइतकाच बारीक ठिपक्यांचा दाणा टाकला. दाणा जुळला नाही तर जोड लगेच ओळखू येते.

मग मजकुराभोवती गाइडच्या रेघांची चौकट आखली आणि ठरवलं, आत काही येणार नाही. सावली नाही, पक्ष्याचा पंखही नाही. संध्यामठ पाण्याच्या रेषेवर डावीकडे गेला, धूसर केला. दिवे पाचाचे दोन झाले, तेही जोडप्याच्या पुढ्यात. गणपती एका ओळीएवढा छोटा होऊन मजकुराच्या डोक्यावर बसला. थवा उडाला तो उडालाच.

तपासायला मी सगळं चित्र भरपूर धूसर करून बघतो. मजकुराच्या जागी एकच रंग दिसला तर ठीक. डावीकडे एक काळपट डाग दिसला: मठाचं वरचं टोक चौकटीत घुसलं होतं. खाली ओढलं.

एक चूक मात्र पुन्हा केली. अक्षरांचा लेयर बंद ठेवून चित्र मामांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. दोन मिनिटांत फोन: "वरचं आभाळ तसंच ऱ्हायलंय की वो! एक मोर बसंल तिथं." मोकळी जागा मजकुराशिवाय दाखवली की गिऱ्हाइकाला ती राहिलेलं काम वाटते. अक्षरांसकट पुन्हा पाठवलं. या वेळी फोन यायला दहा मिनिटं लागली.

"ब्येस झालंय. पण आत्याचं नाव ऱ्हायलं."

१६ पॉइंट. मजकुराखालच्या आभाळातनं काढले.