पाच मिनिटांत बोंडअळी : रेडिओसाठी मजकूर बसवताना

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीला पात्या-फुलं लागली की गुलाबी बोंडअळीची माहिती शेतकऱ्यांपर्यंत लवकर जावी लागते. यंदा जवळच्या सामुदायिक रेडिओनं आमच्या शेतकरी गटाला त्यासाठी संध्याकाळची वेळ दिली. मजकूर लिहायचं आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं. केंद्रावरच्या भाऊंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, पाच मिनिटं म्हंजे पाचच बरं. मांगून लगेच बाजारभाव लागते."

मनातल्या मनात वाचून वेळ मोजली तर ती हमखास कमी भरते. म्हणून लिहिलेल्यातलेच २०० शब्द मोजून मोठ्यानं वाचले, माईकसमोर बोलते त्याच चालीनं, मोबाईलवर घड्याळ लावून. १ मिनिट ४४ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला साधारण ११५ शब्द. इंग्रजी निवेदनाला मिनिटाला १५० शब्दांचा हिशेब बऱ्याच ठिकाणी धरतात. तो मराठीला लावला तर मजकूर वेळेबाहेर जाणारच, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'सापळ्यांमध्ये' मोजताना एकच शब्द, पण तोंडाला पाच अक्षरांचं काम.

एकाच माणसाचा वेगसुद्धा मजकुराप्रमाणे बदलतो. माहितीपत्रकातून जसाच्या तसा घेतलेला भाग वेगळा वाचून पाहिला, तर तिथं मिनिटाला ९५ शब्दांवरच गाडी अडत होती. 'एकात्मिक कीड व्यवस्थापनांतर्गत कामगंध सापळ्यांचा वापर करण्यात यावा' हे आठ शब्द. मी त्याचं 'शेतात कामगंध सापळे लावा' केलं. शब्द निम्मे झाले, आणि ऐकणाऱ्याला काय करायचं तेही लगेच कळतं.

मग वेळेचा हिशेब मांडला. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. सुरुवातीच्या धूनला १५, शेवटच्या धूनला १० आणि हाताशी राखून ठेवायला १०. निंबोळी अर्काचं प्रमाण दोनदा सांगायचं मी ठरवलं होतं, कारण रेडिओ ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. त्या दुसऱ्या वाचनाला आणि आधीच्या थांब्याला आणखी १५ धरले. उरले २५० सेकंद. ११५ च्या वेगानं त्यात ४८० शब्दांच्या आसपास बसतात.

संगणक माझा मजकूर ५३० शब्दांचा दाखवत होता, पण आकडे तो एकेक शब्द धरतो. '२०१७' हा त्याला एक शब्द, वाचताना 'दोन हजार सतरा' असे तीन. '२०-२५' चं 'वीस ते पंचवीस' होतं, '५%' चं 'पाच टक्के'. म्हणून सगळे आकडे अक्षरात लिहून काढले आणि पुन्हा मोजले. आता ५६० भरले. ८० शब्द कमी करायचे होते.

भरभर वाचून ही तूट भरून काढता येत नाही. घाईत शब्दांचे शेवट गिळले जातात आणि 'पाच'चं 'पन्नास' ऐकू आलं तर शेतात नुकसान होतं. म्हणून कापायचंच ठरवलं. लांबलचक नमस्कार गेला, आभार गेले. २०१७ साली विदर्भात या अळीनं केलेल्या नुकसानीचा परिच्छेदही गेला. तो काढताना मला वाईट वाटलं, पण ज्यांनी ते वर्ष सोसलं त्यांना ते सांगायची गरज नव्हती. राहिलं ते कामाचं : डोमकळ्या दिसल्या की तोडून अळीसकट नष्ट करा, हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तर उपाय करायची वेळ आली असं समजा, पाच किलो निंबोळीची भुकटी पाण्यात रात्रभर भिजवून गाळा आणि त्यात पाणी घालून शंभर लिटर अर्क करा.

कागदाच्या समासात दर मिनिटाला कुठवर पोचायचं त्या खुणा केल्या. शेवटून दुसऱ्या परिच्छेदाला चौकट आखली. तिसऱ्या मिनिटाच्या खुणेला मागं पडले तर तो सोडून द्यायचा आणि थेट समारोपावर जायचं. औषधाचं प्रमाण मात्र मी मुद्दाम मजकुराच्या मध्यावर ठेवलं. वेळ संपली की केंद्रावर आवाज हळूहळू बंद करतात, तेव्हा शेवटची वाक्यंच जातात.

गटातल्या दुसऱ्या ताईंनी तोच कागद वाचून पाहिला, तर त्यांचा वेग मिनिटाला १२५ निघाला. त्या वाचणार असतील तर समासातल्या खुणा पुन्हा कराव्या लागतात. मी माझ्या खुणांनी वाचलं. तिसऱ्या खुणेला वेळेत होते, चौकटीतलं वाचता आलं, आणि राखलेल्या सेकंदांत डोमकळ्यांचं वाक्य पुन्हा एकदा सांगून झालं.