अकरा ओळी आणि एकही शब्द नाही

सप्टेंबर 2025ची गोष्ट. आमचा तालुका यवतमाळ जिल्ह्यातला, मी कचेरीत कंत्राटी ऑपरेटर. ऑगस्टच्या पावसाने सोयाबीन बसलं होतं आणि गावागावातून पंचनाम्याच्या याद्या येत होत्या. पोर्टलवर भरण्याआधी त्या एका मोठ्या शीटमध्ये जोडणं माझ्याकडे. सकाळी साडेदहाला एका पटवारी साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला. ना नमस्कार, ना गावाचं नाव, ना "हे करून द्या". नुसता एक्सेलमधून उचलून चिकटवलेला ठोकळा, अकरा ओळींचा. त्यातल्या चार इथे देतो, नावाचा रकाना काढून:

```
14	12-Jan	0.80	सोयाबीन	6800	6.01E+10
31	05-Mar	1.20	कापूस	10200	3.12E+10
32	May-40	0.60	तूर	5100	6.01E+10
57	45/2	3.40	सोयाबीन	17000	6.01E+10
```

साहेबांना फोन लावला तर बंद. ते बांधावर होते, तिथे रेंज नसते. मोठ्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "समजून घे ना." कचेरीत हे तीन शब्द दिवसातून दहादा ऐकू येतात आणि ते बोलणाऱ्याला स्वतःला काही समजलेलं नसतं.

मी आधी आकड्यांकडे पाहिलं. 6800 भागिले 0.80 म्हणजे 8,500. 10200 भागिले 1.20, पुन्हा 8,500. जिरायती पिकाच्या मदतीचा हेक्टरी दर तेव्हा हाच होता. चौथ्या ओळीत मात्र 3.40 हेक्टरला 17,000च, कारण त्या यादीला 2 हेक्टरची मर्यादा होती. मथळा नसला तरी तिसरा रकाना बाधित क्षेत्र आणि पाचवा मदतीची रक्कम, हे एवढ्यावरून पक्कं झालं. पहिल्या रकान्यातले अनुक्रमांक 14, 31, 32, 57 असे उड्या मारत जाणारे. म्हणजे ही नवीन नावं नव्हती. आधी दिलेल्या यादीला फिल्टर लावून निवडक ओळी उचललेल्या होत्या. फिल्टर लावून कॉपी केलं की फक्त दिसणाऱ्या ओळीच येतात. प्रश्न एवढाच उरला की निवडल्या कशासाठी?

दुसऱ्या रकान्याने मला अर्धा तास फसवलं. मला वाटलं पंचनाम्याची तारीख असेल. पण अतिवृष्टीचा पंचनामा 12 जानेवारीला कोण करतं? मग वाटलं पेरणीची असेल, तर सोयाबीन जानेवारीत कुठे पेरतात? May-40पाशी आल्यावर डोक्यात उजेड पडला. मे महिन्याला चाळीस तारीख नसते. ते मे महिना आणि चाळीस साल होतं. शेतकऱ्याने नव्हे, एक्सेलने लिहिलेलं.

तो रकाना गट नंबरचा होता. 5/40 टाइप केलं की एक्सेल त्याला महिना आणि वर्ष समजतं, 5/3ला तारीख समजतं. 45/2 तसाच राहतो, कारण पंचेचाळीस तारीख नसते. 12/1अ असाही बचावतो, अक्षर लागलेलं असतं म्हणून. ज्या राज्यात शेतीचा मूळ कागदच 7/12 आहे तिथे हे रोज घडतं. रिकाम्या शीटमध्ये 7/12 टाकून पाहा, 07-Dec नाहीतर 12-Jul झालेला दिसेल.

मोठ्या शीटमध्ये अनुक्रमांक 14 उघडला तर गटाच्या जागी 45669. म्हणजे आमच्याच कोणीतरी ती तारीख "सुधारायला" सेलचा फॉरमॅट टेक्स्ट केला होता. एकदा तारीख झाली की आत फक्त दिवसांची मोजणी उरते, आणि 12 जानेवारी 2025चा आकडा 45669. फॉरमॅट बदलायचा तो टाइप करण्याआधी, किंवा आकड्यापुढे एक ' टाकायचा. नंतर काही उपयोग नाही. हे मी दोन वर्षांपासून सांगतोय. ऐकून सगळे मान डोलावतात.

आता 12-Jan उलटं वाचायचं कसं? संगणकावर भारतीय तारखेची सेटिंग असेल तर ते 12/1, अमेरिकन असेल तर 1/12. नुसता ठोकळा पाहून हे कळत नाही. म्हणून महाभूलेखवर गाव निवडून (गाव जुन्या यादीतल्या नावांवरून सापडलं) दोन्ही गट उघडून पाहिले. गट 12, हिस्सा 1वर शेतकऱ्याचं नाव निघालं. दुसऱ्या ओळीला 5/3 आणि 3/5 हे दोन्ही गट त्या गावात होते, पण नाव 5/3लाच जुळलं. असं करत दुपारपर्यंत नऊ ओळी लागल्या. खात्याच्या रकान्याचं मात्र काहीच करता येत नव्हतं. मेसेजमध्ये चिकटतं ते सेलमध्ये दिसणारं, आतलं नाही. 6.01E+10मधून अकरा आकड्यांचा खाते नंबर परत मिळत नाही. ते मी मूळ यादीतूनच घेतले.

नऊ लागल्या, आल्या होत्या अकरा. उरलेल्या दोन ओळींत गट नंबर धडधाकट होते: एकीत 45/2, दुसरीत नुसता 118. मी समजलो, पोर्टलने गट सापडत नाही म्हणून परत पाठवलेल्या ओळी साहेबांनी दिल्या आणि त्यांत या दोन चुकून आल्या असाव्यात. इतकं नीट जुळत असताना दोन ओळींसाठी कोण अडून बसतं? नवाच्या नवांना दुरुस्तीचा शेरा मारला, त्या दोन तशाच "बरोबर" म्हणून पुढच्या खेपेत ठेवल्या आणि डबा उघडला.

साहेबांचा फोन संध्याकाळी लागला.

"अरे भाऊ, ते दोन काहून पुढे टाकले तू?"

"साहेब, त्यांचे गट तर बरोबर आहेत."

"गट गेला उडत! लाल केले होते ना मी. बाकीचे पिवळे, ते दोन लाल. ते दोघंही वारले ना बाप्पा, वारसाचा फेरफार व्हायचा आहे. तुले रंग दिसला नाही काय?"

रंग व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमध्ये येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या पडद्यावर सगळं लिहिलेलं होतं, फक्त शब्दांत नव्हतं. खेप अजून वर गेली नव्हती, म्हणून त्या दोन ओळी रोखता आल्या.

मला अजून राग येतो तो त्यांच्यावर कमी, स्वतःवर जास्त. नऊ ओळींनी दिलेलं उत्तर मी दोन ओळींवर लादलं. त्या दोन नावांपुढे आमच्या मोठ्या शीटच्या शेऱ्यात "मयत" लिहिलेलंच होतं. मी गटाच्या रकान्यातून बाहेर पडून तिकडे पाहिलंच नाही.

साहेबांना मी नीट समजावून सांगितलं की चिकटवताना रंग गळतो, तेव्हा वर एक शब्द तरी लिहा. त्यांनी ते मनावर घेतलं. परवा पुन्हा ठोकळा आला, चौदा ओळींचा, आणि या वेळी वर एक शब्द होता: "पिवळे".