मोगरा बॅच नं. 6 : 161 चा हिशोब 222 वर कसा गेला

मागच्या वेळी लिहिलं होतं ना की मोगऱ्याच्या वासाच्या मेणबत्तीचा एक जार मला 161 रुपयांना पडतो आणि 299 ला विकते, तो हिशोब चुकलाय. या वेळी बॅच करताना शेजारी वही ठेवली आणि वितळवण्यापासून बॉक्सला टेप लावेपर्यंत सगळं लिहून काढलं.

आधी जुना हिशोब सांगते. 200 मिलीचा काचेचा जार, त्यात 160 ग्रॅम भरते. 8 टक्के सुगंध, तोही वॅक्सच्या वजनावर, म्हणजे 148 ग्रॅम सोया वॅक्स आणि 12 ग्रॅम ऑइल. वॅक्सचे 50, ऑइलचे 34, जार 42, वात आणि तिचा स्टिकर 5, बॉक्स आणि लेबल 30. झाले 161. ऑइलच्या बाबतीत एक सांभाळा, बाटली मिलीत मिळते आणि आपण ओततो ग्रॅममध्ये. माझी 100 मिलीची 265 वाली बाटली रिकामी करून काट्यावर ठेवली तर ऑइल भरलं 94 ग्रॅम, म्हणून मी ग्रॅमला 2.80 धरते.

आता खरी बॅच. 20 जारसाठी 3100 ग्रॅम वॅक्स आणि 248 ग्रॅम ऑइल घेतलं, कारण जगला, चमच्याला, टिश्यूला चिकटून आणि गार झाल्यावर वरून पुन्हा ओततो त्या टॉप-अपला मिळून जवळजवळ 150 ग्रॅम जातंच. वॅक्स 1054, ऑइल 694, जार 840, वाती 100. म्हणजे लेबल लावायच्या आधीच 2688 गेले.

आणि विकायला किती उरले? 17. एक जार मस्जिद बंदरहून लोकलने ठाण्याला आणताना काठावर टवका उडाला, तो भरल्यावर दिसला (जार भरण्याआधी काठावरून बोट नाही, कापड फिरवून बघा). एक मी बर्न टेस्टला ठेवला, तो प्रत्येक बॅचला ठेवतेच, कारण ऑइल बदललं की तीच वात कधी बुडते कधी काजळी धरते. आणि एकात वातीशेजारी पोकळी निघाली, वरून मस्त गुळगुळीत होता पण टूथपिकने टोचल्यावर टूथपिक आत गेली. वरचा थर आधी गार होऊन घट्ट होतो आणि आतलं मेण नंतर आकसतं तेव्हा असं होतं. माझ्या हॉलमध्ये पंखा चालू राहिला होता, दुसरं काही कारण नाही.

17 चे बॉक्स-लेबल 510, वीज अंदाजे 40. वेळ मोजला तर जार पुसून वाती चिकटवायला 40 मिनिटं, वितळवून ओतायला 1 तास 10, टॉप-अप आणि वात कापायला 40, पॅकिंगला दीड तास, भांडी पुसायला अर्धा तास. एकूण साडेचार तास, 120 च्या दराने 540. सगळे मिळून 3778, भागिले 17 म्हणजे 222.

299 मधून उरले 77. सोसायटीच्या दिवाळी प्रदर्शनात 2 दिवसांचं टेबल 1500 ला होतं, 24 जार गेले, म्हणजे जारमागे 62 आणखी. हातात राहिले 15 रुपये. नौपाड्यातल्या एका गिफ्ट शॉपवाल्या काकांनी 30 टक्के मागितले तर 299 चे मला 209 मिळतात, म्हणजे प्रत्येक जारला 13 रुपये मी त्यांना घरचे देणार. दुकानात द्यायचं तर 222 ला 0.7 ने भागून 317 ही नुसती बरोबरीची किंमत आहे. म्हणून नवीन किंमत 399. दुकानात 57 उरतात, प्रदर्शनात साधारण 115. (299 छापलेली लेबलं शिल्लक होती, ती रद्द केली, छापील एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही.)

मला सगळ्यांत जास्त जाणवलं ते हे. खर्च कमी करायचा म्हणून मी ऑइल 8 वरून 6 टक्क्यांवर आणायच्या विचारात होते, त्यात जारमागे वाचतात फक्त 8 रुपये आणि वास पडतो फिका. पण 17 ऐवजी 19 जार नीट निघाले असते तर तोच जार 202 ला पडला असता, म्हणजे 20 वाचले. लहान 100 मिलीचे टिन करायचंही ठरवलं होतं, पण वात चिकटवायला आणि पॅक करायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे त्याची किंमत अर्धी धरता येत नाही, तूर्त थांबवलंय.

बॅच 7 ला पंखा बंद, जार कोमट करून आणि एकमेकांपासून 4 बोटं लांब ठेवणार, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या जारांना टूथपिक लावून बघणार. पोकळीवाला जार हीट गनने वरून वितळवून सुधारलाय, तो आता सुगंध मुरायला ठेवलाय, 2 आठवड्यांनी पेटवून लिहिते.