दापोली ते हर्णै, थंडीतल्या पहाटे: चोक, टायर आणि आसूदचा उतार

कोकणात थंडी कसली, असं म्हणणाऱ्याने जानेवारीत दापोलीत मुक्काम करून बघावा. गाव समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास उंच आहे. पहाटे पारा दहा अंशांच्या जवळ उतरतो, आणि रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या मोटरसायकलची सीट, टाकी, सगळं दहिवराने ओलं झालेलं असतं. हर्णै बंदरातल्या मासळीच्या सकाळच्या लिलावाला पोचायचं तर उजाडायच्या आत निघावं लागतं. रस्ता पंधरा-सोळा किलोमीटरचाच, पण इंजिन आणि टायर गरम होण्याआधीच आसूदचा उतार येतो. या वाटेवरच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघतात.

खाली लिहिलेलं मुख्यतः कार्बोरेटरच्या १०० ते १५० सीसी गाड्यांसाठी आहे. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना बहुधा चोकच नसतो. त्यांत चावी फिरवल्यावर पंपाची घूं थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबायचं आणि मूठ न फिरवता सेल्फ मारायचा, बाकी हिशोब गाडीचा संगणक करतो.

थंड हवेत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून ठिणगी पडते तेव्हा सिलिंडरमध्ये जळण्याजोगी वाफ कमी असते. चोक ओढला की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं आणि ती तूट भरून निघते. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण आणखी पातळ होतं, त्यामुळे पूर्वी चोकशिवाय उठणारी गाडीही आता थंडीत चोक मागते.

पेट्रोल कॉक उघडा, चोक पूर्ण ओढा आणि चावी बंद ठेवून दोन-तीन किक सावकाश मारा. त्याने ऑइल थोडं हलतं आणि पेट्रोल आत जातं. मग चावी लावून जोरात किक मारा. मूठ मात्र मिटलेलीच ठेवायची. चोक चालतो तो इंजिनाच्या ओढीवर, आणि मूठ उघडली की ती ओढ कमी होते. ‘थोडी रेस दे’ हा नाक्यावरचा सल्ला इथे नेमका उलटा पडतो. सेल्फ मारायचा असेल तर एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका आणि मध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. थंडीत बॅटरीचा जोर आधीच कमी असतो. त्यात किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला असेल, तर सेल्फ नुसता कट्कट् वाजतो. थर खरवडून टर्मिनल आवळलं की बऱ्याचदा काम होतं.

पाच-सात किकनंतरही गाडी उठत नसेल तर नाक लावा. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे प्लग पेट्रोलने भिजला आहे. अशा वेळी आणखी चोक देणं म्हणजे भिजलेल्याला आंघोळ घालणं. चोक बंद करा, मूठ पूर्ण उघडी धरा आणि आठ-दहा किक मारा, साचलेलं पेट्रोल हवेबरोबर बाहेर जातं. तेवढ्याने भागलं नाही तर प्लग काढून कोरडा करून परत बसवावा. वास अजिबात येत नसेल तर कॉक बंद आहे का ते आधी बघा, मग प्लगची टोपी ओढून कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसा. तिच्यावर बसलेल्या दहिवरातून ठिणगी बाहेरच्या बाहेर निसटते.

इंजिन लागलं की स्लो चढतो. साधारण अर्ध्या मिनिटाने चोक निम्मा करा. गाडी दबत नसेल तर निघा आणि पहिल्या किलोमीटरच्या आत तो पूर्ण बंद करा. पाच-दहा मिनिटं उभ्याउभ्या गरम करत बसू नये. नुसत्या स्लोवर इंजिन हळू तापतं, आणि तेवढा वेळ जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरत राहतं. त्यापेक्षा पहिले तीन-चार किलोमीटर निम्म्याहून कमी मुठीवर, गिअर वेळेवर बदलत चालवावं.

आसूदच्या उताराआधी चोक बंद आहे याची खात्री करायलाच हवी. उतारावर मूठ मिटलेली असते, इंजिन गाडीच्या वजनाने फिरतं आणि फारसं तापत नाही. त्यात चोक ओढलेला राहिला तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन फटाफट आवाज येतात, धूर काळा होतो आणि प्लग काजळतो. खाली पोचून मूठ दिली की गाडी मिसिंग करते. लोक तेव्हा कार्बोरेटर उघडायला निघतात. आधी चोकच्या खटक्याकडे बघावं.

टायरची गोष्ट वेगळी. हवेचा दाब पाच-सहा अंशांमागे साधारण एक पीएसआय बदलतो. आदल्या दुपारी प्रवासाने तापलेल्या टायरमध्ये मागे २८ भरलेत, तर पहाटे गार टायरमध्ये २४-२५ निघू शकतात. म्हणून दाब निघण्यापूर्वी, गार टायरवर मोजायचा आणि चेनकव्हरवरच्या किंवा पुस्तकातल्या आकड्याला जुळवायचा. पकड वाढावी म्हणून मुद्दाम हवा कमी करू नका. डांबरावर त्याने गाडी वळणात डुलते.

गार रबर कडक असतं आणि त्याला मऊ व्हायला किमान पाच-सहा किलोमीटर लागतात. नेमकं तेवढ्यात आसूद येतं. नारळी-पोफळीच्या सावलीत तिथलं डांबर उन्हं वर येईपर्यंत सुकत नाही. कडेच्या जांभ्याची लाल माती दहिवराने भिजून वळणाच्या आतल्या बाजूला लेप धरते, आणि वर पडलेल्या पोफळीच्या झावळीचं देठ तर साबणासारखं सरकतं. म्हणून वळणाआधीच, गाडी सरळ असताना वेग उतरवा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये या आणि वळणात ब्रेकला हात लावू नका. गाडी डावी-उजवी डोलवून टायर तापत नाहीत. त्यापेक्षा दापोलीच्या सरळ रस्त्यावर मागे कोणी नसताना तीन-चार वेळा हलके ब्रेक मारा, त्याने डिस्क आणि लायनरवरचा ओलावाही जातो. ओला ड्रम पहिल्या दाबाला कधी पकडत नाही, कधी एकदम पकडतो. हे उतारावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

खाली हर्णैत हवा उबदार लागते, पण बंदराजवळ निर्धास्त होऊ नका. मासळीच्या टेम्पोतून बर्फाचं पाणी आणि मासळीचा चिकट रस गळत असतो, आणि तो चढावर व वळणाच्या बाहेरच्या बाजूला जास्त सांडतो. टेम्पोच्या मागे काळसर ओली रेघ दिसली की तिच्यावरून न जाता बाजूने जावं. ओलांडायचीच असेल तर गाडी सरळ ठेवून, मूठ स्थिर धरून ओलांडावी.

लिलाव बघून तासाभराने परत निघताना चोकला हात लावण्याआधी सिलिंडरच्या पंखांना बोट लावून बघा. ऊब लागली तर चोक नको, मूठ किंचित उघडून एक किक पुरते. तिथे सवयीने चोक ओढला की गाडी ओव्हर होते, आणि बंदराच्या चढावर ती ढकलत न्यावी लागते.