पत्र लिहिण्याआधीचे प्रश्न

“मॅडम, तुम्ही तर मला शिकवलं आहे. मग शिफारसपत्र मागितलं की कोणता अभ्यासक्रम, कशासाठी हवंय, काय काय केलंस, असे इतके प्रश्न आधी का विचारता?”

मी संख्याशास्त्र शिकवते, आणि पत्र मागायला येणारे बहुतेक विद्यार्थी माझ्या वर्गातून बाहेर पडून चार-पाच वर्षे झाल्यावर येतात. तोवर माझ्या आठवणीत चेहरा असतो, वर्गातली बसण्याची जागा असते, कधी एखादी शंका असते. परंतु पत्र वाचणाऱ्या निवड समितीला यातल्या कशाचाच उपयोग नसतो. त्यांच्या अर्जात पहिला प्रश्न बहुधा असा असतो की अर्जदाराला तुम्ही किती काळापासून आणि कोणत्या नात्याने ओळखता. त्याचे उत्तर “माझी विद्यार्थिनी होती” एवढेच देता येत नाही. कोणता विषय, कोणते सत्र, वर्गात किती जण, मी केवळ व्याख्याने दिली की प्रकल्पही तपासला, हे त्यात यावे लागते, कारण पुढे मी जे काही म्हणणार त्याला किती वजन द्यायचे हे वाचणारा त्यावरूनच ठरवतो.

एक उदाहरण सविस्तर सांगते. पाच वर्षांपूर्वी शिकवलेल्या एका विद्यार्थिनीचा संदेश आला: “मॅडम, मास्टर्ससाठी एक चांगलं शिफारसपत्र हवं आहे. शुक्रवारपर्यंत मिळेल का?” तो दिवस मंगळवार होता. मी तिला कळवले की मला लिहायला आवडेल, पण त्याआधी आपण अर्धा तास फोनवर बोलू, आणि त्यापूर्वी तू मला तुझी गुणपत्रिका, अर्जासोबत जोडणार असलेले स्वतःचे निवेदन आणि अभ्यासक्रमाच्या माहितीचे पान पाठव. अर्जात नाव कसे लिहिले आहे हेही विचारले. आमच्या नोंदवहीत तिचे एक नाव होते आणि अर्जात लग्नानंतरचे दुसरे. पत्रात मी जुनेच नाव लिहिले असते तर ते दुसऱ्याच कुणाचे वाटले असते.

पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा होता. ती “मास्टर्स” म्हणत होती, पण पाठवलेली पाने दोन निघाली. एक अभ्यासक्रम एक वर्षाचा, जैवसंख्याशास्त्राचा, वर्गातल्या अध्यापनावर चालणारा. दुसरा दोन वर्षांचा, अर्ध्याहून अधिक भाग संशोधनाचा. पहिल्या ठिकाणी समितीला हे जाणून घ्यायचे असते की वेगाने येणाऱ्या विषयांचा भार हिला पेलेल का, तिचा गणिताचा पाया पक्का आहे का. दुसऱ्या ठिकाणी त्यांना पाहायचे असते की कुणी प्रश्न हातात दिला नाही तरी हिला तो सापडतो का, आणि उत्तर लवकर मिळाले नाही तर ती टिकते का. ही दोन पत्रे एका मजकुरात बसत नाहीत. “ज्याचा संबंध असेल त्यास” असे लिहिलेले सर्वसाधारण पत्र मी त्यामुळेच देत नाही.

हेतूविषयी न विचारण्याची किंमत माझ्या एका विद्यार्थ्याने पूर्वी मोजलेली आहे, आणि ती चूक पूर्णपणे माझी होती. मी त्याच्या सैद्धांतिक गणितातल्या गतीचे भरभरून कौतुक केले आणि शुद्ध सिद्धांत हेच त्याचे खरे क्षेत्र आहे असे लिहिले. त्याने मात्र अर्ज केला होता तो उपयोजित अभ्यासक्रमाला, आणि निवेदनात लिहिले होते की त्याला कारखान्यातल्या गुणवत्ता नियंत्रणावर काम करायचे आहे. मुलाखतीत त्याला विचारण्यात आले की तुमचे शिक्षक एक सांगतात आणि तुम्ही दुसरे, यातले खरे काय. त्याच्याजवळ उत्तर असायला हवे होते खरे, पण तो प्रश्न उभा केला होता मी. तेव्हापासून अर्जदाराचे निवेदन वाचल्याशिवाय मी पत्राचे पहिले वाक्यसुद्धा लिहीत नाही. निवेदनाची पुनरुक्ती करण्यासाठी ते वाचायचे नसते. त्यात मांडलेल्या हेतूला माझ्याजवळचा कोणता पुरावा आधार देतो, हे शोधण्यासाठी वाचायचे असते.

या विद्यार्थिनीच्या निवेदनात लिहिले होते की ती दोन वर्षांपासून एका रुग्णालयाच्या नोंदी सांभाळते, आणि दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासातून रुग्ण मध्येच गळतात तेव्हा निष्कर्ष कसे बिघडतात, यावर तिला काम करायचे आहे. मग मी कामगिरीकडे वळले. तिने पाठवलेल्या यादीत प्रथम श्रेणी, प्रश्नमंजूषेतले दुसरे बक्षीस, तीन ऑनलाइन प्रमाणपत्रे आणि कामाच्या ठिकाणी मिळालेला एक सन्मान होता. यातले काहीही खोटे नव्हते, पण काहीही माझ्या डोळ्यांसमोर घडलेले नव्हते. गुणपत्रिका समितीकडे असतेच, प्रमाणपत्रे तिच्या माहितीपत्रकात असतात, आणि कामावरच्या सन्मानाबद्दल तिच्या वरिष्ठांनी लिहिणे योग्य. मी तीच यादी वाक्यांत गुंफली असती तर पत्राला पानभर लांबी आली असती आणि समितीला नवीन एकही गोष्ट कळली नसती.

म्हणून मी यशाविषयी विचारायचे सोडून अडचणीविषयी विचारले: “माझ्या विषयात तुला कुठे अडलं होतं, आणि मग तू काय केलंस?” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिला प्रकल्प आठवला. चौघांच्या गटाने ४१२ जणांच्या रक्तदाबाच्या दोन भेटींतल्या नोंदी अभ्यासाला घेतल्या होत्या. दुसऱ्या भेटीला ६१ जण आलेच नव्हते. पहिल्या भेटीतली ४१२ जणांची सरासरी १४६ होती, दुसऱ्या भेटीला आलेल्या ३५१ जणांची १३८. म्हणजे रक्तदाब ८ अंकांनी उतरला, असे गटाने लिहून टाकले होते. हिला ते खटकले. तिने न आलेल्या ६१ जणांच्या पहिल्या नोंदी वेगळ्या काढल्या, तेव्हा त्यांची सरासरी १६३ निघाली. ज्यांचा रक्तदाब सर्वांत जास्त होता तेच परत आले नव्हते. दोन्ही भेटींना आलेल्या ३५१ जणांपुरतेच पाहिले तर पहिली सरासरी १४३ होती आणि घट केवळ ५ अंकांची. अहवालात तिने ८ च्या जागी ५ लिहिले, आणि न आलेल्यांचे काय झाले हे आपल्याला ठाऊक नसल्यामुळे ही घटसुद्धा आलेल्यांपुरतीच मानावी, असे एक वाक्य जोडले.

तिच्या निवेदनातला हेतू आणि हा प्रसंग यांचा धागा इतका सरळ जुळत होता, आणि तरीही तिच्या यादीत तो नव्हता. तिला ती कामगिरी वाटलीच नव्हती, कारण त्याचे बक्षीस मिळाले नव्हते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटते.

मात्र तिने सांगितले एवढ्यावर मी ते लिहू शकत नव्हते. प्रकल्प चौघांचा होता, आणि पाच वर्षांनी आपल्या वाट्याचे काम आपल्याला थोडे मोठे दिसणे अगदी स्वाभाविक आहे. मी जपून ठेवलेला अहवाल काढला आणि तोंडी परीक्षेच्या वेळची माझी गुणनोंद पाहिली. तिच्या नावापुढे मीच लिहिले होते: “गळतीचा प्रश्न स्वतः मांडला, तक्ता स्वतः केला.” ही ओळ सापडली म्हणून मी पत्रात “मी पाहिले” असे लिहू शकले. सापडली नसती तर “गटाने असे काम केले आणि ही त्या गटात होती” एवढेच लिहिले असते. रुग्णालयातल्या कामाचा उल्लेखही मी एका वाक्यात केला, पण “तिच्या सांगण्यानुसार” हे शब्द घालून.

त्याच नोंदवहीने मला आणखी एका ठिकाणी सावरले. अर्जात एक तक्ता असतो, ज्यात विद्यार्थ्याचा क्रम वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत, अशी खूण करायची असते. माया असली की हात ५ टक्क्यांकडे जातो. ती ६४ जणांत चौदावी होती, म्हणून मी २५ टक्क्यांच्या चौकटीत खूण केली आणि पत्रात कारणासह लिहिले की लेखी परीक्षेत ती आघाडीवर नव्हती, पण आकड्यांवर शंका घेण्याची तिची सवय त्या वर्गात मला इतर कुणात दिसली नाही. तक्त्यात ५ टक्के आणि गुणपत्रिकेत दुसरेच चित्र असे झाले असते, तर ६१ जणांचा प्रसंगही वाचणाऱ्याला फुगवलेला वाटला असता.

काही जण मला सांगतात की विद्यार्थ्यालाच मसुदा लिहायला लावावा, म्हणजे प्रश्नच विचारावे लागत नाहीत. मी ते करत नाही. मसुदा मागितला की मला पुन्हा तीच बक्षिसांची यादी मिळते, आणि तीन शिक्षकांची तीन पत्रे एकाच हाताने लिहिलेली आहेत हे समितीच्या सहज लक्षात येते. त्याऐवजी मी हे विचारते की दुसरी पत्रे कोण देणार आहे आणि ते कशाविषयी लिहितील. तिच्या बाबतीत एक पत्र वरिष्ठांचे होते आणि एक गणिताच्या शिक्षकांचे, त्यामुळे शिस्त आणि गणिताचा पाया हे दोन्ही मी त्यांच्यावर सोपवू शकले आणि माझे पूर्ण पान त्या एका प्रसंगाला देऊ शकले.

कधी कधी या प्रश्नांच्या शेवटी मला नकारही द्यावा लागतो. विचारून, शोधून, नोंदी पाहूनही माझ्याजवळ गुणांपलीकडे काहीच निघाले नाही तर मी स्पष्ट सांगते की माझे पत्र तुझ्या कामाचे ठरणार नाही, ज्यांच्याकडे तू प्रकल्प केलास त्यांना विचार. हे पहिल्या दोन दिवसांत सांगावे लागते, म्हणजे त्यांच्या हाती दुसरीकडे जायला वेळ राहतो. त्यासाठी मुदतीआधी किमान तीन आठवडे माझ्याकडे या, असे मी वर्गातच सांगून ठेवते.

तिच्याजवळ तीन आठवडे नव्हते. शुक्रवारची मुदत संशोधनाच्या अभ्यासक्रमाची होती, दुसऱ्याची एक महिन्याने, म्हणून मी पहिले पत्र त्या आठवड्यात लिहिले आणि दुसरे नंतर वेगळे लिहिले. त्या दुसऱ्या पत्रात ६१ जणांचा प्रसंग दोन ओळींत आला आणि सत्राच्या मध्यात मागे पडलेला भाग तिने पुढच्या चाचणीपर्यंत कसा भरून काढला, हे सविस्तर आले. दोन्ही अर्जांत “नेतृत्वगुण” या रकान्यापुढे मी “पाहण्याची संधी मिळाली नाही” हा पर्याय निवडला आणि तसे तिला फोनवर आधीच सांगितले.